उलटी शिफ्ट झाली तरी रंग गडद कसा? N₂O₄ चा प्रश्न आणि आइस टेबल (अकरावी)

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी, लेक अकरावी सायन्सला आहे आणि तिच्या क्लासच्या शीटमधल्या एका प्रश्नावरून आमच्याकडे कालपासून वाद चाललाय, मी बीएस्सी केलं त्याला आता बरीच वर्षं झाली त्यामुळे इथे विचारते. प्रश्न असा: १ लिटरच्या बंद भांड्यात ०.१०० मोल N₂O₄ भरला, तापमान कायम ठेवलं, इक्विलिब्रियम आल्यावर भांड्यात ०.१२० मोल NO₂ मिळाला. Kc काढा. मग त्याच तापमानाला भांड्याचं व्हॉल्यूम अर्धं केलं तर रिॲक्शन कुठल्या बाजूला शिफ्ट होईल आणि मिश्रणाचा रंग सुरुवातीच्या इक्विलिब्रियमपेक्षा गडद होईल का फिकट?

N₂O₄ ⇌ 2NO₂, N₂O₄ ला रंग नाही आणि NO₂ तपकिरी, हे तिला माहितीये. शीटच्या मागे उत्तर दिलंय, Kc = ०.३६, शिफ्ट उलट्या दिशेने, रंग गडद. आता लेक म्हणते की शिफ्ट जर N₂O₄ कडे होतेय म्हणजे तपकिरी वायू कमी होतोय, मग रंग गडद कसा होईल, दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही, उत्तर चुकीचं छापलंय. मला तिचं बोलणं पटतंय पण आतून वाटतंय काहीतरी सुटतंय. कोणी नीट सांगेल का, नुसतं उत्तर नको, तिला पटेल असं.

टिळकरोडकर

ताई तुमची मुलगी बरोबर आहे. ले शातेलिएचं तत्त्व सरळ आहे, प्रेशर वाढवलं की रिॲक्शन कमी मोल असलेल्या बाजूला जाते, इकडे एक मोल तिकडे दोन, म्हणजे N₂O₄ कडे, NO₂ कमी, रंग फिकट. शीटमध्ये छपाईची चूक आहे, क्लासवाले एकमेकांच्या शीट कॉपी करतात तेव्हा असल्या चुका पुढे पुढे जात राहतात. मी इंजिनियरिंगला असताना दोन वर्षं अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतल्यात, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर फिकट असंच आहे.

अण्णा_सदाशिव

आमच्या कॉलेजात हे करून दाखवलं होतं, काचेच्या बंद नळीत हा वायू असतो, गरम पाण्यात धरली की नळी गडद तपकिरी आणि बर्फात धरली की जवळजवळ रंग जातो. म्हणजे उलटी शिफ्ट झाली की फिकट हे डोळ्यांनी पाहिलंय. आइस टेबलवर ठेवलं की फिकटच होणार.

मृण्मयी_के

अण्णा, इथे तापमान बदललेलं नाहीये, फक्त व्हॉल्यूम अर्धं केलंय. आणि आइस टेबल म्हणजे सुरुवात, बदल, इक्विलिब्रियम अशा तीन ओळींचा तक्ता, बर्फाचा इथे संबंध नाही. पण तुमचं निरीक्षण लेकीला वाचून दाखवलं, तिला ते फार आवडलं.

पाषाणचे_काका

मृण्मयी, शीटचं उत्तर बरोबर आहे, आणि तुझी लेक ज्या जागी अडलीये ती जागा खरंच विचार करण्यासारखी आहे म्हणून जरा सावकाश लिहितो.

आधी Kc. १ लिटर भांडं आहे म्हणून मोल आणि कॉन्सन्ट्रेशन आकड्याने सारखेच येतात, हे लक्षात ठेव, पुढे याच गोष्टीवर पाय घसरतो.

```
            N₂O₄         2NO₂
सुरुवात     ०.१००         ०
बदल        −x           +२x
शेवट       ०.१०० − x     २x
```

NO₂ ०.१२० मिळाला म्हणजे २x = ०.१२०, x = ०.०६०. इथे खूप मुलं बदलाच्या ओळीत दोन्हीकडे ०.१२० लिहितात, मग N₂O₄ ०.१०० वजा ०.१२० म्हणजे शून्याच्या खाली जातो. भांड्यात उणे वायू असू शकत नाही, तो आकडा दिसला की ताबडतोब बदलाच्या ओळीकडे परत जायचं, चूक तिथेच असते, समीकरणातले गुणक त्या ओळीत उतरलेले नसतात. बरोबर केलं तर N₂O₄ = ०.०४०, NO₂ = ०.१२० आणि

Kc = (०.१२०)² / ०.०४० = ०.०१४४ / ०.०४० = ०.३६

आता व्हॉल्यूम ०.५ लिटर. दट्ट्या आत ढकलला त्या क्षणी रिॲक्शनने अजून काहीच केलेलं नाही, मोल तेवढेच आहेत पण जागा निम्मी, म्हणून दोन्ही कॉन्सन्ट्रेशन दुप्पट. N₂O₄ ०.०८० आणि NO₂ ०.२४०. हीच दुसऱ्या टेबलची पहिली ओळ. इथे Q काढ:

Q = (०.२४०)² / ०.०८० = ०.७२

Kc च्या बरोब्बर दुप्पट. Q मोठा आहे म्हणजे NO₂ जास्त झालाय, रिॲक्शन उलटी जाणार, इथपर्यंत तुझी लेक, टिळकरोडकर आणि शीट तिघेही एकच बोलतायत.

```
            N₂O₄         2NO₂
सुरुवात     ०.०८०         ०.२४०
बदल        +y           −२y
शेवट       ०.०८० + y     ०.२४० − २y
```

(०.२४० − २y)² = ०.३६ × (०.०८० + y), उलगडलं की ४y² − १.३२y + ०.०२८८ = ०. दोन उत्तरं येतात, ०.०२३५ आणि ०.३०६५. दुसरं घेतलं तर NO₂ उणे होतो, सोडून दे. y = ०.०२३५ घातला की N₂O₄ = ०.१०३५ आणि NO₂ = ०.१९३. ताळा करायचा असेल तर (०.१९३)² भागिले ०.१०३५, साधारण ०.३६ येतं.

आता NO₂ चा प्रवास बघ. आधी ०.१२०, दाबल्याबरोबर ०.२४०, मग रिॲक्शन उलटी जाऊन ०.१९३. उलटी शिफ्ट म्हणजे ०.२४० पासून खाली येणं. ती ०.१२० च्या खाली जाईल असं कोणीच म्हटलेलं नाही. शिफ्ट कुठल्या आकड्यापासून मोजायची हा सगळा गोंधळ आहे. प्रश्न विचारतो जुन्या इक्विलिब्रियमपेक्षा रंग कसा, म्हणजे ०.१२० विरुद्ध ०.१९३, गडद.

क्वाड्रॅटिक न सोडवताही तिला पटवता येईल. तिला म्हण, समजा NO₂ परत ०.१२० वर आला. N₂O₄ तर ०.०८० च्या वर गेलेला असणार. मग Q = ०.०१४४ भागिले ०.०८० पेक्षा मोठं काहीतरी, म्हणजे ०.१८ च्याही खाली. Kc ०.३६ आहे. म्हणजे तिथे पोचायच्या कितीतरी आधीच रिॲक्शन थांबायला हवी. जुना आकडा परत मिळणं शक्यच नाही.

टिळकरोडकर

काका तुमचं गणित वाचलं पण मला एक पटत नाही, मोल घेऊन बघा ना. आधी NO₂ ०.१२० मोल, N₂O₄ ०.०४० मोल. दाबल्यावरही तेवढेच मोल. Q = ०.१२०² / ०.०४० = ०.३६ म्हणजे Kc एवढाच, मग शिफ्ट होईलच कशाला? आणि तुम्ही म्हणता शिफ्ट होते. आणि दुसरं म्हणजे शेवटी NO₂ चे मोल काढा, ०.१९३ गुणिले अर्धा लिटर, ०.०९६५ मोल. आधी ०.१२० होते. म्हणजे तपकिरी वायू कमीच झाला की नाही?

कुरकुंभचा_केमिस्ट

मी पण हेच विचारणार होतो, मी कुरकुंभ एमआयडीसीत इथाइल ॲसिटेटच्या प्लांटवर आहे, आमच्याकडे ॲसिटिक ॲसिड आणि इथेनॉल टाकतो, आम्ही कॉन्सन्ट्रेशन कधीच काढत नाही सरळ मोल धरतो आणि उत्तर बरोबर येतं. एक मोल ॲसिड एक मोल अल्कोहोल, K साधारण ४ धरला तर x² / (१ − x)² = ४, वर्गमूळ काढलं की x = ०.६७, दोन तृतीयांश एस्टर. रिॲक्टर छोटा असो मोठा असो फरक पडत नाही. पुढे जायचं असेल तर पाणी उडवत राहायचं, आम्ही डिस्टिलेशनने काढतो. मग इथे लिटरने भागायचा एवढा आग्रह कशासाठी?

पाषाणचे_काका

दोघांना एकदम उत्तर देतो कारण मुद्दा एकच आहे.

कुरकुंभवाले, तुमच्या रिॲक्शनमध्ये डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन. K लिहिताना वर दोन वेळा लिटरने भागलं, खाली दोन वेळा भागलं, लिटर कापला गेला. म्हणून तुमचं बरोबर येतं आणि कायम येईल. N₂O₄ मध्ये वर NO₂ चा वर्ग म्हणजे दोनदा लिटर, खाली एकदाच. एक लिटर उरतो. तो १ असताना लपून बसतो, ०.५ झाला की बाहेर पडतो, टिळकरोडकरांचा ०.३६ भागिले ०.५ म्हणजे ०.७२, माझा Q तोच. शिफ्टचं कारणच त्या उरलेल्या लिटरमध्ये आहे, तो विसरलात तर शिफ्ट दिसणारच नाही. हायड्रोजन आणि आयोडिनपासून HI च्या गणितातही दोन्हीकडे दोनदोन मोल असतात, आणि बऱ्याच मुलांची सवय त्या उदाहरणावर लागते, मग इथे फसतात.

आता दुसरा प्रश्न, मोल कमी झाले हे तुमचं खरं आहे, ०.१२० चे ०.०९६५ झाले. पण तेवढे मोल निम्म्या जागेत कोंबलेत. बाजूने बघणाऱ्याच्या डोळ्याला प्रकाशाच्या वाटेत दर सेंटिमीटरला किती NO₂ आहे ते दिसतं, आणि ते कॉन्सन्ट्रेशन आहे.

मृण्मयी_के

काका मनापासून आभार. लेकीला ती "समजा परत ०.१२० वर आला" वाली ओळ पटली, म्हणाली हे आधी कोणी सांगितलं असतं तर वाद झालाच नसता. तिने पहिल्या टेबलमध्ये x बरोबर घेतला होता, दुसरं टेबलच मांडलं नव्हतं, थेट ले शातेलिए लावून मोकळी झाली होती.

ओंकार_सीईटी

काका मला दोन गोष्टी विचारायच्यात, मी बारावीला आहे. एक, तुमचं क्वाड्रॅटिक टाळायला मी y लहान आहे म्हणून ४y² सोडून दिलं तर y = ०.०२८८ / १.३२ = ०.०२१८ येतं, तुमच्या ०.०२३५ च्या जवळच आहे, सीईटीत वेळ नसतो तर हे चालेल का? दुसरं, आमच्या सरांनी विचारलं होतं की व्हॉल्यूम तेच ठेवून आत आर्गॉन घातला तर काय, मी लिहिलं प्रेशर वाढलं म्हणून N₂O₄ कडे, सरांनी काट मारली, कारण सांगितलं नाही तास संपला म्हणून.

पाषाणचे_काका

ओंकार, पर्याय निवडायचे असतील तर चालेल, पण ताळा करून बघ. ०.०२१८ घेतलं तर NO₂ = ०.१९६४, N₂O₄ = ०.१०१८, भागाकार ०.३७९. ०.३६ यायला हवं होतं. पाच टक्क्यांच्या आसपास चूक आहे, लेखी परीक्षेत मी ते मान्य केलं नसतं. आणि पहिल्या टेबलला असलं काही करू नकोस. Kc ०.३६ देऊन x काढ असा उलटा प्रश्न आला आणि तू ०.१०० − x च्या जागी ०.१०० धरलंस तर x = ०.०९५ येईल, म्हणजे जे नगण्य म्हणून सोडलं ते मूळच्या पंचाण्णव टक्के निघालं. खरं उत्तर ०.०६०. सोडून दिल्यावर नेहमी मागे वळून बघायचं की सोडलेलं खरंच लहान होतं का.

आर्गॉनचं तुझं उत्तर जरा विचार करून तूच तपास. आर्गॉन आल्याने १ लिटरमधले NO₂ चे मोल बदलले का? N₂O₄ चे? दोन्ही नाही. मग Q काय झाला?

ओंकार_सीईटी

Q तोच राहिला. म्हणजे शिफ्टच नाही. पण मग प्रेशर वाढलं की शिफ्ट होते हा नियम चुकीचा का?

पाषाणचे_काका

नियम अर्धवट पाठ केलेला आहे. प्रेशर वाढलं ते आर्गॉनच्या वाट्याचं, NO₂ आणि N₂O₄ चं स्वतःचं प्रेशर होतं तेवढंच आहे. व्हॉल्यूम कमी करून प्रेशर वाढवलं तर दोघांचं वाढतं, म्हणून शिफ्ट. मात्र दट्ट्या मोकळा असेल आणि आर्गॉन घातल्यावर तो बाहेर सरकून एकूण प्रेशर पहिल्याएवढंच राहात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे व्हॉल्यूम वाढलं, दोन्ही वायू पातळ झाले, Q खाली गेला आणि रिॲक्शन NO₂ कडे जाणार. म्हणून प्रश्नात "व्हॉल्यूम कायम" का "प्रेशर कायम" हे दोन शब्द आधी शोधायचे. मला विचारशील तर प्रेशर हा शब्दच बाजूला ठेव, Q काढ, तो खोटं बोलत नाही.

प्राची_लॅब

उशिरा आले धाग्यावर पण हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे, मी कॉलेजात केमिस्ट्री लॅबला आहे. तांब्याच्या तुकड्यांवर कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक ॲसिड घालून फ्यूम हूडमध्ये NO₂ बनवतो आणि काचेच्या सिरिंजमध्ये तोंड बंद करून मुलांना दाखवतो. दट्ट्या दाबला की एकदम गडद होतं, मग क्षणभरात थोडं फिकट होतं, पण पहिल्याएवढं फिकट होत नाही. काकांचे ०.१२०, ०.२४०, ०.१९३ अगदी तसेच दिसतात.

पण एक गंमत सांगते जी मुलांना मी नेहमी करायला लावते. सिरिंज आडवी धरून बाजूने बघितली तर गडद. आता तिच्या टोकाकडून, म्हणजे दट्ट्या ज्या रेषेत सरकतो त्या रेषेतून बघा (मागे पांढरा कागद हवा आणि दट्ट्यातून प्रकाश आरपार यायला हवा, आम्ही त्यासाठी सपाट काचेच्या टोकाची नळी बनवून घेतलीये). तिथून बघितलं तर दाबल्यावर रंग फिकट होतो, गडद नाही. कारण दाबल्यावर कॉन्सन्ट्रेशन दुप्पट पण वायूची लांबी निम्मी, गुणाकार तोच. मग रिॲक्शन NO₂ खाते तेवढा रंग कमी. म्हणजे मृण्मयीताई तुमची लेक आणि टिळकरोडकर दोघं एका अर्थी टोकाकडून बघत होते, त्यांना मोल दिसत होते, आणि शीट बाजूने बघत होती.

टिळकरोडकर

हे फार सुंदर आहे, हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. ०.०९६५ भागिले ०.१२० म्हणजे ०.८०, टोकाकडून रंग वीस टक्के कमी. बाजूने ०.१९३ भागिले ०.१२०, दीडपटीहून जास्त. शीटवाल्यांनी मग "बाजूने बघितल्यास" असं लिहायला हवं होतं. माझं वरचं "छपाईची चूक" मागे घेतो.

मृण्मयी_के

प्राची, हे घरी करता येईल का? लेक मागे लागलीये.

प्राची_लॅब

अजिबात नाही ताई, प्लीज नको. NO₂ विषारी आहे, श्वासात गेला तर त्या वेळी नुसता खोकला येतो, बरं वाटतं, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये फ्यूम हूड असेल तर तिथल्या मॅडमना विचारा. शिवाय प्लास्टिकच्या सिरिंजचं रबर हा वायू खातो, गळती होते.

पाषाणचे_काका

प्राचीने टोकाकडून बघण्याचं लिहिलं ते वाचून खूप आनंद झाला. पण तिच्या एका वाक्याबद्दल शंका आहे ती मांडतो. "एकदम गडद, मग क्षणभरात फिकट", हे फिकट होणं म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर चाललेली शिफ्ट, असं सगळीकडे सांगतात. पण N₂O₄ तुटणं आणि जुळणं अतिशय वेगात होतं, नेहमीच्या प्रेशरला ते मायक्रोसेकंदात इक्विलिब्रियमला पोचतं. हाताने दट्ट्या दाबायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे दाबताना वाटेतच शिफ्ट होत जाते, ०.२४० ही अवस्था कागदावरच्या टेबलात असते, सिरिंजमध्ये ती डोळ्याला दिसायला वेळच मिळत नाही.

मग फिकट होताना दिसतं ते काय? माझ्या मते उष्णता. वायू झटकन दाबला की तापतो, सायकलचा पंप तापतो तसा. शिवाय NO₂ जुळताना उष्णता बाहेर पडते, तुटायला मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल लागतात, तेवढीच जुळताना मिळते. तापल्यावर K वाढतो, NO₂ जास्त टिकतो, रंग जास्त गडद. मग काचेतून उष्णता बाहेर जाते, वायू खोलीच्या तापमानाला येतो, K परत खाली, रंग उतरतो. याला लागणारा वेळ सेकंदाच्या घरातला, आणि प्राचीला दिसतं ते तेवढ्याच वेळात.

अण्णांचा गरम पाणी आणि बर्फाचा मुद्दा असा मागच्या दाराने परत आला बघा. २५ अंशाला Kc जेमतेम ०.००४६ च्या आसपास असतो, आपल्या शीटमधला ०.३६ म्हणजे बरंच तापलेलं भांडं. व्हॉल्यूम बदललं तर K हलत नाही, Q हलतो. तापमान बदललं तर K स्वतःच हलतो, आणि मग टेबलच्या शेवटच्या ओळीत नवा K घालावा लागतो.

टिळकरोडकर

काका मायक्रोसेकंद हे मान्य पण मग सगळी पुस्तकं शिफ्ट म्हणून दाखवतात ते सगळे चुकले? मला वाटतं थोडं थोडं दोन्ही असेल.

पाषाणचे_काका

शेवटचा रंग गडद हे पुस्तकांचं बरोबरच आहे, मी फक्त त्या उतरत्या रंगाच्या कारणाबद्दल बोलतोय. तो रंग उतरताना NO₂ जुळतोच आहे, म्हणजे त्या अर्थी ती शिफ्टच, फक्त तिचा वेग रिॲक्शन ठरवत नाही, थंड होणं ठरवतं.

प्राची_लॅब

हे तपासता येईल काका. दट्ट्या अगदी हळूहळू दाबला तर वायू तापणार नाही, लगोलग थंड होत राहील. तुमचं म्हणणं खरं असेल तर हळू दाबताना रंग नुसता चढत जाईल, शेवटी उतरणार नाही. मुलांना मी कायम झटकन दाबायला सांगते कारण परिणाम ठळक दिसतो, हळू दाबून निवांत बघितलेलं नाही. आता सबमिशनची गडबड आहे, लॅब मोकळी झाली की करते. डोळ्यावर विश्वास ठेवायचा का काही मोजायचं हा प्रश्न आहेच, थोडासा रंग उतरला तर डोळ्याला कळणार नाही.

कुरकुंभचा_केमिस्ट

निळ्या प्रकाशाचा एलईडी आणि पलीकडे लाइट सेन्सर लावा, तपकिरी वायू निळा प्रकाश खातो. आमच्याकडे रंगाचे मीटर याच तत्त्वावर चालतात. पण सिरिंज आणि एलईडी दोन्ही क्लॅम्पमध्ये घट्ट हवेत, नाहीतर हात हलला की रीडिंग हलतं.

मृण्मयी_के

लेकीने स्वतःहून उलटा प्रश्न बनवून सोडवलाय, तिच्याच शब्दांत टाइप करते. "पहिल्या इक्विलिब्रियमपासून सुरू करून व्हॉल्यूम २ लिटर केलं. N₂O₄ ०.०२०, NO₂ ०.०६०. Q = ०.००३६ / ०.०२० = ०.१८, Kc पेक्षा कमी, म्हणून पुढे जाणार. ०.०२० − z आणि ०.०६० + २z. ४z² + ०.६z − ०.००३६ = ०. z = ०.००५८. NO₂ = ०.०७१६, N₂O₄ = ०.०१४२. ताळा ०.३६ येतो. NO₂ चे मोल ०.१२० वरून ०.१४३ झाले म्हणजे तपकिरी वायू वाढला, पण बाजूने बघितलं तर ०.१२० चं ०.०७१६ झालंय म्हणून फिकट दिसणार. टोकाकडून बघितलं तर गडद."

आणि ती विचारतेय की दट्ट्या झटकन बाहेर ओढला तर वायू थंड होईल का, आणि मग रंग आधी जास्त फिकट होऊन नंतर थोडा परत चढेल का.

पाषाणचे_काका

गणित बरोबर, ताळाही तिने स्वतः केला हे विशेष. तिच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे, ओढल्यावर वायू थंड होईल, K क्षणभर खाली जाईल, मग काचेकडून उष्णता घेत रंग थोडा चढेल. पण हे माझं अनुमान आहे, प्राची, तू दाबून बघशील तेव्हा ओढूनही बघ.

प्राची_लॅब

बघते. झटकन आणि हळू, दाबून आणि ओढून, चारही. मृण्मयीताई, लेकीला म्हणावं तारीख ठरली की इथे लिहीन, यायचं असेल तर कॉलेजची परवानगी काढते, गॉगल आम्ही देऊ.